पहाटेच्या स्वप्नांची साक्ष



आजचा विषय जाहीर झाल्यापासून भेटणारा जवळजवळ प्रत्येक जण मला आपलं एखादं स्वप्न ऐकवतो आहे. कुणाला आजी जायच्या आदल्या दिवशी दारात उभी दिसली होती. कुणाच्या स्वप्नात बंद पडलेली मोटार आली आणि त्याच आठवड्यात घाटात खरोखरच गाडी बंद पडली. हे सांगताना एक वाक्य हमखास जोडलं जातं, "आणि पहाटेचं होतं हो, म्हणून सांगतो." मध्यरात्रीचं असतं तर सांगणाऱ्यानं स्वतःच ते मनावर घेतलं नसतं. तेव्हा स्वप्नं खरी होतात का, याच्या आधी पहाटेलाच हा मान का मिळाला ते पाहू.

हा मान जुना आहे. मत्स्यपुराणात स्वप्नांवर एक अध्याय आहे आणि त्यात रात्रीच्या प्रहरांनुसार फळाची मुदत ठरवून दिली आहे. पहिल्या प्रहरातलं स्वप्न वर्षभरात फळतं, दुसऱ्यातलं सहा महिन्यांत, तिसऱ्यातलं तीन महिन्यांत, चौथ्यातलं महिन्याभरात आणि अरुणोदयाच्या वेळचं दहा दिवसांत. इतर ग्रंथांत आकडे थोडे बदलतात, उतरंड मात्र तीच राहते. ही समजूत आपल्यापुरतीच नाही. मध्यरात्र उलटल्यावरची स्वप्नं खरी असतात, हे दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन कवी होरेसही गृहीत धरतो. दोन दूरच्या समाजांना स्वतंत्रपणे तेच वाटलं असेल, तर त्यांच्या निरीक्षणात काहीतरी तथ्य असणार. ते कोणतं, हा प्रश्न आहे.

चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात पाचवा अध्याय आहे, 'पूर्वरूपीय' नावाचा. रोग उघड होण्याआधीची लक्षणं त्यात सांगितली आहेत आणि त्या ओघात स्वप्नांचे सात प्रकार येतात. पाहिलेल्या गोष्टीचं, ऐकलेल्याचं, अनुभवलेल्याचं, इच्छिलेल्याचं आणि कल्पिलेल्याचं, हे पाच प्रकार चरक सरळ निष्फळ ठरवतो. दिवसा पडलेली, फार लांबलेली किंवा फार तोकडी स्वप्नंही तो बाद करतो. उरतात दोन, भाविक म्हणजे पुढचं सुचवणारं आणि दोषज म्हणजे शरीरातल्या बिघाडातून आलेलं. स्वप्नांवर विश्वास असलेल्या या वैद्यानंसुद्धा सातातली पाच आधी चाळून फेकली, हे आपण विसरतो. आपण आज जे पहाटेचं स्वप्न घेऊन येतो, ते बहुतेकदा त्या फेकलेल्या पाचांपैकी असतं.

त्याच अध्यायात आणखी एक अट आहे. जे स्वप्न पाहिल्यावर माणूस पुन्हा झोपत नाही, त्याचं फळ मोठं आणि लगेच मिळतं. ही अट लक्षात ठेवा. झोपेच्या प्रयोगशाळेत तिचा अर्थ फार चांगला लागतो.

1953 साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं की झोपेत ठराविक वेळाने बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरू लागतात. या टप्प्याला आरईएम झोप म्हणतात. त्यानंतर चार वर्षांनी विल्यम डिमेंट आणि क्लाइटमन यांनी झोपलेल्यांना वेगवेगळ्या वेळी उठवून विचारलं. आरईएममधून उठवलेले बहुतेक वेळा सविस्तर स्वप्न सांगत. हा टप्पा संपून काही मिनिटं गेली, की सांगण्यासारखं फारसं काही उरत नसे. आरईएमच्या बाहेरही स्वप्नं पडतात हे पुढे कळलं. लांब, ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं मात्र मुख्यतः याच टप्प्यातली.

आता एक रात्र घेऊ. अकराला झोपून सहाला उठणारा माणूस. झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं. पहिला आरईएम टप्पा साडेबाराच्या आसपास येतो आणि काही मिनिटांतच आटोपतो. त्यानंतर गाढ झोप, म्हणून त्या वेळचं स्वप्न सकाळपर्यंत टिकतच नाही. पुढच्या प्रत्येक आवर्तनात गाढ झोप कमी होत जाते आणि आरईएम लांबत जातं. शेवटचा टप्पा पहाटे पाचच्या सुमाराला, अर्धा तास किंवा त्याहूनही जास्त चालतो. म्हणजे रात्रीच्या स्वप्नांचा सर्वांत मोठा वाटा पहाटे असतो, आणि त्यातूनच आपण थेट जागे होतो, दूधवाल्याच्या हाकेनं नाहीतर मोबाइलच्या गजरानं. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयापूर्वी 96 मिनिटांपासून 48 मिनिटांपर्यंत मानतात, तोही नेमका याच काळात येतो. 'पाहून पुन्हा झोपला नाही' ही चरकाची अट इथे बसते. ज्या स्वप्नानंतर झोप लागत नाही, तेच स्मरणात राहतं. आणि जे स्मरणातच नाही ते खरं झालं की खोटं, हे कोण सांगणार? मध्यरात्रीच्या स्वप्नांना साक्ष द्यायची संधीच मिळालेली नसते.

इतक्यावर भागलं असतं, पण पहाटेच्या बाजूनं अजून एक पुरावा आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. अमेरिकेतल्या फर्मन विद्यापीठात एरिन वॉम्सली यांनी 48 विद्यार्थ्यांना रात्री अनेकदा उठवून स्वप्नं नोंदवून घेतली आणि सकाळी ज्याचं त्यालाच विचारलं, हे कुठून आलं असेल? 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात निम्म्याहून थोडी जास्त स्वप्नं एखाद्या आठवणीशी जोडता आली. सुमारे एक चतुर्थांश स्वप्नांचा संबंध पुढे येऊ घातलेल्या एखाद्या घटनेशी होता, म्हणजे परीक्षा, प्रवास, मुलाखत असं काहीतरी. आणि अशी पुढची चाहूल घेणारी स्वप्नं रात्रीच्या उत्तरार्धात प्रमाणानं जास्त होती.

म्हणजे पहाटेची स्वप्नं उद्याबद्दल असतात ही लोकसमजूत अगदीच पोकळ नाही. आपल्याला ठाऊक असलेल्या उद्याबद्दल ती असतात. वडील महिनाभर अंथरुणाला खिळले असतील तर लेकीच्या स्वप्नात त्यांचं जाणं येणारच. गाडीचा क्लच दोन महिने कुरकुरत असेल तर घाटात गाडी बंद पडल्याचं दिसणं हा चांगल्या मेंदूनं केलेला अंदाज आहे, आणि अंदाज पुष्कळदा बरोबर येतात. आता वाद उरतो तो अशा स्वप्नांचा, ज्यांतली माहिती जागेपणी मिळण्याचा कुठलाच मार्ग नव्हता. त्यांचा पुरावा कसा तपासायचा?

यासाठी दोन प्रसंग शेजारी ठेवतो. पहिला वेल्समधला. 21 ऑक्टोबर 1966 च्या सकाळी सव्वानऊच्या सुमाराला अ‍ॅबरफॅन या खाणकामगारांच्या गावावर कोळशाच्या कचऱ्याचा डोंगर घसरला. 144 माणसं गेली, त्यांत 116 मुलं होती. जॉन बार्कर नावाचे मानसोपचारतज्ज्ञ तिथे गेले आणि नंतर एका लंडनच्या वृत्तपत्रामार्फत त्यांनी आवाहन केलं, कुणाला आधी चाहूल लागली होती का? 76 पत्रं आली. त्यांत स्वप्नंही होती, काळोख कोसळतो आहे, मुलं गुदमरत आहेत, अशी. वाचताना आजही अंगावर काटा येतो.

पण ही पत्रं घटनेनंतर लिहिलेली आहेत. ढिगाऱ्याची छायाचित्रं आठवडाभर पाहिल्यावर 'काहीतरी काळं अंगावर येत होतं' या अंधूक स्वप्नाला कोळशाचा रंग चढायला वेळ लागत नाही. सांगणारा खोटं बोलतो असं मी मुळीच म्हणत नाही. आठवण अशीच चालते, दर वेळी काढताना ती नव्यानं रचली जाते. दुसरी अडचण अशी की आवाहनच ज्यांना चाहूल लागली त्यांना होतं. ज्या कोट्यवधींना त्या आठवड्यात भलतीच भयंकर स्वप्नं पडली आणि काहीच घडलं नाही, त्यांनी कशाला पत्र लिहावं? ही खोट बार्कर यांच्याही ध्यानात आली होती. म्हणून 1967 च्या जानेवारीत त्यांनी त्याच वृत्तपत्राच्या मदतीनं एक नोंदणी कार्यालय उघडलं, तिथे भाकितं आधीच तारीख घालून नोंदवायची. शेकडो भाकितं आली. जुळलेली म्हणता येतील अशी मोजकीच निघाली, आणि एकही दुर्घटना त्यामुळे टळली नाही.

दुसरा प्रसंग याहून जुना आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत बोलका. 1 मार्च 1932 च्या रात्री अमेरिकेत न्यू जर्सीतल्या घरातून चार्ल्स लिंडबर्ग या विख्यात वैमानिकाच्या वीस महिन्यांच्या मुलाला पळवून नेलं. खिडकीशी शिडी लावली होती आणि मागे खंडणीची चिठ्ठी ठेवली होती. देशभर दुसरी बातमी नव्हती. हार्वर्डच्या मानसशास्त्र चिकित्सालयातले हेन्री मरे आणि त्यांचे सहकारी व्हीलर यांना संधी दिसली. मुलाचं काय झालं हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी वृत्तपत्रांतून लोकांना या प्रकरणाशी संबंधित स्वप्नं कळवायला सांगितलं. तेराशेहून अधिक स्वप्नं आली. 12 मे रोजी मुलाचा मृतदेह सापडला, घरापासून काही मैलांवर, रस्त्यालगतच्या झाडीत, उथळ खड्ड्यात. तो अपहरणानंतर लवकरच मेला होता.

अ‍ॅबरफॅनमध्ये जे नव्हतं ते सगळं इथे आहे. स्वप्नं उत्तर कळण्याआधी गोळा झाली, चुकलेलीही हातात राहिली, आणि एकूण संख्या माहीत आहे. आता मोजा. मूल मेलेलं आहे असं सुमारे पाच टक्के स्वप्नांतच होतं, म्हणजे शंभरातल्या पंच्याण्णवांनी मुख्य गोष्टच चुकवली. मृत्यू, पुरलेली जागा आणि झाडी या तिन्ही गोष्टी एकत्र असलेली स्वप्नं निघाली फक्त चार. तेराशेंतली चार.

या चौघांचा विचार करा. त्यांनी आधी लिहून पाठवलं होतं, पोस्टाचा शिक्का होता, आणि तिन्ही गोष्टी जुळल्या. त्यांच्या गल्लीत, घरात, नातेवाइकांत ही कथा कशी सांगितली गेली असेल! तिला कुणी खोटं ठरवू शकणार नव्हतं, कारण ती खोटी नव्हतीच. आपण फक्त त्या घरी चहाला गेलो असतो तर आपणही थक्क होऊन परतलो असतो. चिकित्सालयात बसून तेराशे पत्रांचा गठ्ठा पुढ्यात असेल तरच कळतं की पळवलेल्या मुलाबद्दल इतक्या लोकांनी स्वप्नं पाहिली, तर कुणाच्या तरी स्वप्नात मृत्यू, खड्डा आणि झाडी एकत्र येणारच. मरे आणि व्हीलर यांचा निष्कर्षही स्वप्नांत दूरदृष्टी असते या कल्पनेला पाठिंबा देणारा नव्हता.

आपल्याकडे हा गठ्ठा कधीच पुढ्यात नसतो. म्हणून एक अंदाज मांडून दाखवतो. आकडे मी मुद्दाम कंजूषपणे धरले आहेत. समजा महाराष्ट्रात सात कोटी प्रौढ माणसं आहेत. प्रत्येकाला पन्नास वर्षांत फक्त एकदाच एका विशिष्ट जवळच्या माणसाच्या मृत्यूचं स्वप्न पडतं, आणि ते माणूस त्या पन्नास वर्षांत कधीतरी जातं. पन्नास वर्षांच्या रात्री होतात 18,250. स्वप्नाची रात्र आणि मृत्यूची आदली रात्र निव्वळ योगायोगानं एकच येण्याची शक्यता 18,250 मध्ये एक. अतिशय दुर्मीळ. पण सात कोटींना 18,250 नं भागलं की साधारण 3,800 येतात, म्हणजे वर्षाला पंचाहत्तरच्या आसपास. महाराष्ट्रात दर आठवड्याला कुठे ना कुठे एक-दोन माणसं आदल्या पहाटे पाहिलेला मृत्यू दुसऱ्या दिवशी प्रत्यक्षात अनुभवतील, तेही स्वप्नात कसलीच शक्ती नसताना. त्यातल्या प्रत्येकाकडे मोबाइल आहे. आणि आपण तर दहा दिवसांची सवलत देतो, मृत्यूऐवजी आजारपण चालवून घेतो, काकांऐवजी मामाही चालवतो. ही सवलत धरली की आकडा किती फुगेल ते तुम्हीच काढा.

फसलेली स्वप्नं आपण का मोजत नाही, यावर एडिंबरा विद्यापीठात कॅरोलाइन वॉट आणि सहकाऱ्यांनी 2014 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एका विद्यार्थिनीची म्हणून दोन टिपणं वाचायला दिली, एक स्वप्नांचं आणि दुसरं तिच्या आयुष्यातल्या घटनांचं. काही स्वप्नं पुढच्या घटनांशी जुळत होती, काही नव्हती. नंतर आठवतील ती स्वप्नं लिहा म्हटल्यावर जुळलेली स्वप्नं लक्षणीय प्रमाणात जास्त आठवली. परक्याच्या वहीतलं असं होतं, मग स्वतःच्या स्वप्नांचं काय!

आपल्या लोकरीतीनं तर हिशेबातली चुकलेली बाजू भरून काढायची सोयच करून ठेवली आहे. स्वप्नात कुणी मेलेलं दिसलं की म्हणायचं, "त्याचं आयुष्य वाढलं." माणूस गेला तर स्वप्न खरं, जगला तर स्वप्नानं वाचवलं. मला या समजुतीतला मायाळूपणा आवडतो, घाबरून उठलेल्या सुनेला सासूनं पाण्याचा पेला हातात देऊन म्हणावं असं ते वाक्य आहे. पुरावा म्हणून मात्र त्याची किंमत शून्य, कारण ते कधी हरूच शकत नाही.

प्रयोगशाळेत हे तपासलंच नाही असं नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मायमॉनिडीस वैद्यकीय केंद्रात मॉन्टेग्यू उलमन आणि स्टॅनली क्रिपनर यांनी 1960 च्या दशकापासून स्वप्नांवर काम केलं. माल्कम बेसंट नावाच्या एका इंग्रजाची स्वप्नं मेंदूलहरींच्या यंत्रावर लक्ष ठेवून रात्री नोंदवली जात, आणि त्याला दाखवायची गोष्ट दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या काढल्यासारखी निवडली जाई. स्वप्न आणि ती गोष्ट जुळते का हे बाहेरचे परीक्षक ठरवत. निकाल योगायोगाच्या वर आले, हे मी लपवणार नाही. पण वायोमिंग विद्यापीठात डेव्हिड फूक्स यांनी मायमॉनिडीसच्या स्वप्न-टेलिपथीच्या प्रयोगाची पुनरावृत्ती केली तेव्हा काही हाती लागलं नाही. नंतरच्या पन्नास वर्षांत इतरांच्या प्रयोगांत कुठे थोडं काही दिसलं, कुठे काहीच नाही, आणि एकूण यश त्या पहिल्या प्रयोगशाळेपेक्षा उणंच राहिलं. ज्या परिणामाला दुसऱ्याच्या हातून पुन्हा उभं राहता येत नाही, तो सिद्ध झाला असं मी मानत नाही.

कसोटी कशी घ्यायची याचा घरचा नमुना आपल्याकडे आहेच. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी ज्योतिषांची चाचणी घेतली तेव्हा 27 ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका दिल्या, हुशार मुलांच्या कोणत्या आणि मतिमंद मुलांच्या कोणत्या ते ओळखायचं होतं. बरोबर आलेली उत्तरं निघाली 46 टक्के, नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. ज्याला आपल्या पहाटेच्या स्वप्नांची अशी परीक्षा घ्यायची असेल त्यानं उशाशी वही ठेवावी. उठल्याबरोबर, फोनला हात लावण्याआधी, तारीख घालून स्वप्न लिहावं. नाव, जागा, काय घडतं ते नेमकं. मुदत मत्स्यपुराणाचीच घ्या, दहा दिवस. जुळलं की नाही ते स्वतः ठरवू नका, ज्याला तुमच्या श्रद्धेशी देणंघेणं नाही अशा माणसाकडून ठरवून घ्या. आणि सगळी पानं मोजा, खुणा केलेलीच नव्हे.

आता शेवटचा मुद्दा. चरकाच्या चाळणीतून उरलेलं दुसरं स्वप्न, दोषज, शरीरातल्या बिघाडातून येणारं. त्याला आधुनिक वैद्यकात एक खरा जोडीदार सापडला आहे. आरईएम झोपेत आपले स्नायू ढिले पडलेले असतात, म्हणून स्वप्नात धावलो तरी पाय हलत नाहीत. काही माणसांत हा बंदोबस्त सुटतो. ती स्वप्नातल्या मारेकऱ्याला खरोखर लाथा मारतात, ओरडतात, शेजारी झोपलेल्या बायकोला बुक्का बसतो, कधी पलंगावरून खाली पडतात. हे बहुधा रात्रीच्या उत्तरार्धात, पहाटेकडे होतं, कारण आरईएम तेव्हाच जास्त असतं. 1986 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी या विकाराचं वर्णन केलं. पुढे त्यांनी पन्नाशी ओलांडलेल्या, त्या वेळी दुसरा कुठलाही मेंदूविकार नसलेल्या 29 पुरुषांचा मागोवा ठेवला. 1996 पर्यंत त्यांतल्या 11 जणांना पार्किन्सनसारखा विकार जडला होता. 2013 च्या अहवालात, माग लागलेल्या 26 पैकी 21 जणांना तो किंवा स्मृतिभ्रंश झालेला होता. इथे स्वप्नातल्या गोष्टीचा अर्थ लावायची गरज नाही, साप दिसला की चोर याला महत्त्व नाही. महत्त्व हातपाय हलण्याला आहे.

घरातलं पन्नाशीपुढचं कुणी पहाटे झोपेत ओरडत असेल, हात-पाय झाडत असेल, पलंगावरून पडत असेल, तर त्यांना ज्योतिषाकडे किंवा उतारा टाकायला नेऊ नका. मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या आणि झोपेच्या तपासणीबद्दल विचारा. झोपेत श्वास अडकण्यामुळे किंवा नैराश्याच्या काही औषधांमुळेही असं होऊ शकतं, म्हणून चालू औषधांची यादी सोबत न्या आणि कुठलंही औषध आपल्या मनानं बंद करू नका. तोवर पलंगाशेजारचं टोकेरी टेबल हलवा आणि जमिनीवर गादी टाका.